पाकीट संपल्यावरचे दिवस

त्याने पत्रक टेबलावर पसरलं. खिशात राहून राहून घड्यांच्या जागी कागद फाटायला आला होता. "मॅडम, इथं नव्व्याण्णव लिहिलंय," तो म्हणाला. त्या ओळीखाली त्याने निळ्या पेनाने रेघही ओढली होती. शेजारी त्याची बायको ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. सकाळीच आमच्या सिस्टरने दिवस राहिलेत का बघायला तिची निश्चय किटवर तपासणी केली होती आणि दोन रेघा आल्या होत्या.

पत्रक मीच लिहिलेलं. त्यावर माझं नाव नाही, त्यामुळे समोरच्या दोघांना ते माहीत नव्हतं. मीही लगेच सांगितलं नाही.

नागपुरात कुटुंब नियोजनाची समुपदेशक म्हणून मला अकरा वर्षं झाली. या कामात 'मला गर्भनिरोधकाबद्दल विचारायचंय' म्हणून कोणी येत नाही. लोक येतात ते सासूच्या बीपीची गोळी मागायला किंवा ओआरएसची पुडी न्यायला. खरा प्रश्न निघतो तो चप्पल घालताना, दारात. नवीन लग्न झालेली जोडपी तर तेवढंही विचारत नाहीत, म्हणून पत्रकाची कल्पना निघाली. कागद घरी नेता येतो, रात्री दोघांना वाचता येतो. साहेबांनी एका पानात बसवा म्हणून सांगितलं. मी तक्ता केला. डावीकडे पद्धती, मग 'परिणामकारकता', मग 'त्रास' आणि शेवटी 'गैरसमज'. तीन हजार प्रती छापल्या.

परिणामकारकतेच्या रकान्यात निरोधपुढे ९८ आणि माला-एन गोळ्या, अंतरा इंजेक्शन, कॉपर-टी या सगळ्यांपुढे ९९ टक्के. प्रशिक्षणाच्या जुन्या फाइलमधून उतरवलेले आकडे. खोटे नाहीत. पद्धत एकदाही न चुकता वापरली तर असंच घडतं. पण मग तक्ता कशाला, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही आणि ज्यांनी सही करून मंजुरी दिली त्यांनाही पडला नाही. सगळ्यांपुढे जवळपास एकच आकडा असेल तर तुलना कसली?

डॉक्टर मॅडमनी आत केसपेपरवर एका ओळीत लिहून टाकलं होतं, 'गोळ्या अनियमित'. आमच्याकडे हे फार चालतं. गोळी फसली की बाईने चुकवली असणार, पुढचा पेशंट. मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "एक पण नाही चुकवली मॅडम. रोज रात्री जेवण झाल्यावर. यांनाच विचारा." त्याने मान हलवली. मोबाइलवर साडेनऊचा गजर लावलेला होता, तो दाखवला.

दोघं खोटं बोलत नव्हती हे मला कळत होतं. म्हणून मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं आणि पेन तिच्या हातात दिलं. म्हटलं, प्रत्येक पाकीट कधी सुरू केलं, कधी संपलं, तेवढंच लिही. पाळीचे दिवसही.

जुलैचं पाकीट ठीक होतं. ३ ऑगस्टला संपलं, असं ती म्हणाली. मी विचारलं, संपलं म्हणजे? पांढऱ्या का तपकिरी? ती जरा थांबली. "पांढऱ्या. काळ्या मी नाही घेतल्या. त्यात औषध नसतं ना? आणि त्या गरम पडतात म्हणे."

माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. पहिल्या २१ पांढऱ्या, त्यात दोन संप्रेरकं. शेवटच्या सात तपकिरी, त्यात फक्त लोह. बायका त्यांना काळ्या म्हणतात. त्या घेतल्या की शौचाला काळं होतं, म्हणून 'गरम' हा समज. 'गैरसमज'च्या रकान्यात मी मोठ्या उत्साहाने लिहिलं होतं : 'तपकिरी गोळ्यांत संप्रेरकं नसतात, फक्त लोह असते, त्यामुळे घाबरू नये.' तिने ते वाचलं आणि सरळ अर्थ काढला. औषध नाही तर घ्यायच्या कशाला? तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

नुसत्या तपकिरी गाळून दिवस राहत नाहीत. त्या सात गोळ्या पोटासाठी कमी आणि मोजणीसाठी जास्त आहेत. सात दिवस काहीही न घेता आठव्या दिवशी नवीन पाकीट उघडलं तरी संरक्षण तेवढंच राहतं. पण आठवा दिवस आठवावा लागतो. तपकिरी चालू असल्या की आठवावं लागत नाही, पाकीट संपलं की दुसऱ्या रात्री पुढचं.

मग पुढचं कधी उघडलंस, असं विचारलं. ४, ५, ६ ऑगस्टला काही नाही, ७ तारखेला पाळी आली, ११ पर्यंत होती. १२ ला डोकं धुतलं, १३ ला रात्री नवीन पाकीट. "पाचव्या दिवसापर्यंत असं लिहिलंय ना यात, पण पाळी पूर्ण गेल्यावरच बरं वाटते म्हणून दोन दिवस अजून." पत्रकात खरंच लिहिलं होतं, 'पाळीच्या पाचव्या दिवसापर्यंत सुरू करावी.' ते फक्त पहिल्या पाकिटासाठी. 'फक्त पहिल्या' हे दोन शब्द मी घातलेच नव्हते. लिहिताना मला ते इतकं उघड वाटत होतं की सुचलंच नाही.

मी कॅलेंडरवर ४ ते १२ गोल केले. नऊ दिवस. गोळीची सुट्टी सातची, इथे नऊची झाली.

लोकांना वाटतं, गोळी कधीही चुकली तरी धोका सारखाच. तसं नसतं. अंडाशय गप्प बसायला ओळीने सात पांढऱ्या गोळ्या लागतात. सुट्टी लागली की ते हळूहळू जागं व्हायला लागतं, आणि सात दिवसांत अंडं बाहेर पडण्याइतकं पुढे सहसा जात नाही. म्हणून सुट्टी सातची. ती दोन्ही टोकांना कुठेही ताणली, म्हणजे पाकिटाच्या शेवटच्या पांढऱ्या गोळ्या राहिल्या किंवा नवीन पाकिटाला उशीर झाला, की तो वेळ वाढतो. पाकिटाच्या मधली एखादी राहिली तर आठवताच घ्यायची, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतं. उशिरा सुरू झालेल्या पाकिटाची गोष्ट वेगळी. तिथे पुढचे सात दिवस निरोध हवाच. आणि त्या दिवसांत संबंध आला असेल तर ७२ तासांच्या आत आपत्कालीन गोळी, तीही जितकी लवकर तितकी बरी.

"पण मला तर पाळी येत होती मॅडम," ती म्हणाली. हे ऐकून मला सगळ्यात जास्त चुटपुट लागली. गोळ्या थांबवल्यावर येणारा तो रक्तस्राव खरी पाळी नसते. संप्रेरकं एकदम बंद झाली की गर्भाशयाचं अस्तर गळतं, एवढंच. रक्त दिसलं म्हणजे अंडाशय झोपलंय असा त्याचा अर्थ नाही. ती मात्र त्यालाच पास झाल्याचा निकाल समजत होती.

१३ ऑगस्टचं पाकीट २ सप्टेंबरला संपलं. पाळी ६ ते १०. ११ ला ती पोळ्यासाठी माहेरी काटोलकडे गेली. पाकीट इथेच, कपाटात. माहेरी सगळ्यांसमोर कुठे ठेवणार, असं तिचं म्हणणं. पोळ्याला नवराही तिकडे गेला. तान्हा पोळा झाल्यावर दोघं १६ ला परत आली, त्या रात्री गोळी सुरू. मी ३ ते १५ वर गोल करायला लागले आणि मधेच तिने पेन काढून घेतलं. स्वतःच मोजलं. तेरा.

नवरा खूप वेळ त्या गोलांकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "गोळ्या तर नंतर चालूच होत्या. बाळाला काही?" त्याला सांगितलं, सुरुवातीच्या दिवसांत चुकून ही गोळी घेतली गेली तरी तिने बाळात व्यंग येतं असं आढळलेलं नाही. आता बंद करायची, बास. तिने हळूच विचारलं की नको असेल तर. तेही सांगितलं. गर्भनिरोधक फसल्याचं कारण कायद्यात धरलं आहे, वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, तिला तर सातवा चालू होता. आणि सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, हे तो समोर असताना मुद्दाम सांगितलं. तो काही बोलला नाही. दोघांनी पुढे काय ठरवलं ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही.

उठताना तो पुन्हा पत्रकावर आला. "मग नव्व्याण्णव कोणाचे?" मी सांगितलं. अमेरिकेतल्या पाहण्यांतून दोन तऱ्हेचे आकडे काढतात, एक न चुकता वापरणाऱ्यांचे आणि एक घरोघरी जसं वापरतात तसे. शंभर बायका वर्षभर गोळी घेतात, घरोघरी घेतात तशी, तर साधारण सात जणींना दिवस राहतात. निरोधवर तेरा. तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर चार. कॉपर-टीवर एकापेक्षाही कमी, कारण तिथे रोज आठवायचं काही नसतं, एकदा बसवली की झालं. कॉपर-टीचा त्रास म्हणजे पहिल्या काही महिन्यांत पाळीला जास्त जाणं आणि पोटात दुखणं. "हे काहून नाही लिहिलं?" तो म्हणाला. रागाने नाही, खरंच विचारत होता.

तेव्हा मी सांगितलं की पत्रक माझं आहे. तिने वर बघितलं आणि म्हणाली, "अक्षर मोठं आहे, ते बरं केलं." ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, स्टॉक संपवा, पुढच्या छपाईत बघू. स्टॉक संपवा, हे आमच्याकडे सगळ्या चुकांवरचं उत्तर आहे. मी सीताबर्डीवरून स्वतःच्या पैशांनी रबरी शिक्का करून आणला. 'तपकिरी गोळ्या गाळू नका. पाळी आली असो वा नसो, पाकीट संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी नवीन सुरू करा.' छाया या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीच्या ओळीसाठीही एक करायचा आहे. ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मगच एकदा, हे मी लिहिलं आहे, पण 'आठवड्यातून एकदा' एवढंच ठळक छापलं गेलंय. परवा एकीने पहिल्या दिवसापासून एकदाच घेतल्याचं सांगितलं. सुदैवाने तिची किट कोरी आली.

शिक्का मारलेलं पत्रक आता देण्याआधी समोरच्या जोडप्याला कॅलेंडर देते आणि विचारते, पुढचं पाकीट कोणत्या तारखेला उघडणार? दहातली तीन-चार जोडपी शिक्का वाचूनही चुकीची तारीख दाखवतात. त्यातले बहुतेक जण पाळी संपण्याची तारीख दाखवतात.

रविवारी आशाताईंना घेऊन बसले, कपाटातल्या सगळ्या प्रतींवर शिक्के मारले. अकराशे निघाल्या. बाकीच्या एकोणीसशे लोकांच्या घरात आहेत.