अहवालावरचा शेरा

आज आमच्या टॉवेल कारखान्यातील एका नव्या सहकाऱ्याच्या अहवालावर लेखी अभिप्राय दिला. मे महिन्यात ताण्याचे धागे जास्त तुटले, याचे कारण त्याने ‘रात्रपाळीच्या कामगारांचा निष्काळजीपणा’ असे दिले होते. ‘विश्लेषण वरवरचे आहे’ असा शेरा मारणे सोपे होते, पण त्यातून नेमके काय बदलायचे हे त्याला कळले नसते आणि तो शब्द मात्र मनात राहिला असता.

म्हणून मी लिहिले: “पान ३, दुसरा परिच्छेद. येथे फक्त रात्रपाळीचे आकडे आहेत. दिवसपाळीचे नसल्यामुळे वाचणाऱ्याला तुलना करता येत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी पडली की सुती धागा अधिक तुटतो, त्यामुळे दोन्ही पाळ्यांतील आर्द्रतेच्या नोंदी शेजारी मांडाव्यात. त्या सारख्या असूनही फरक उरला, तरच कामगारांकडे वळावे, आणि तेव्हाही ‘निष्काळजीपणा’ऐवजी दिसलेली कृती लिहावी, उदाहरणार्थ तुटलेला धागा जोडायला लागलेला वेळ.”

वाक्याचा कर्ता ‘तुम्ही’ नसून परिच्छेद किंवा वाचणारा असावा, हे मी कटाक्षाने पाहिले. यंत्रनिहाय तक्ता उत्तम होता. तो तसाच ठेवा, कारण दोष कोणत्या मागावर आहे हे त्यातूनच कळते, असे कारणासह नोंदवले. शुद्धलेखनाच्या दुरुस्त्या वेगळ्या कागदावर दिल्या, कारण त्यांच्या गर्दीत मुख्य मुद्दा हरवतो. हा अभिप्राय विभागाच्या सामायिक फाइलमध्ये न टाकता त्याच्या एकट्याच्या हाती दिला. संध्याकाळी त्याने दिवसपाळीची नोंदवही मागून घेतली.