सरासरी सहा वेळा

माध्यम-नियोजनाच्या कामात मी बरीच वर्षे आहे. जाहिरात कोणत्या वाहिनीवर, कोणत्या वेळी आणि किती वेळा दाखवायची, हे ठरवणे आणि त्याचा हिशेब मांडणे हे माझे रोजचे काम. तरीही एका बैठकीत विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने माझा स्वतःचा प्लॅन मला नव्याने वाचायला लावला. तो दिवस मला तपशीलवार आठवतो.

एक कंपनी नवे घरगुती उपकरण बाजारात आणत होती. जाहिरात चार आठवडे दूरचित्रवाणीवर चालवायची होती. ज्यांच्यापर्यंत पोहोचायचे तो टार्गेट ग्रुप, म्हणजे लक्ष्यगट, १० लाख लोकांचा धरला होता. मी दोन वाहिन्या निवडल्या, त्यांच्या रात्रीच्या मालिकांमध्ये मिळून १२० स्पॉट घेतले आणि एकूण ६ लाख रुपयांत ३०० जीआरपी, म्हणजे जाहिरातीचे एकूण वजन मोजणारे गुण, मिळवून देणारा प्लॅन तयार केला. जाहिरात हजार वेळा दिसण्यामागचा खर्च, म्हणजे आमच्या भाषेत सीपीटी, २०० रुपये येत होता. माझ्याकडे दुसराही एक प्लॅन होता. त्यात सहा वाहिन्या होत्या आणि स्पॉट सकाळ, दुपार, रात्र व रविवारचे चित्रपट असे विखुरलेले होते. जीआरपी तेवढेच ३०० होते, मात्र खर्च ६ लाख ६० हजार आणि सीपीटी २२० रुपये होता. तेवढेच वजन दहा टक्के जास्त पैसे देऊन का घ्यायचे, असा विचार करून मी पहिल्या प्लॅनची शिफारस केली.

बैठकीच्या दिवशी सकाळीच एक चूक सापडली होती. माझ्या तरुण सहकाऱ्याने सादरीकरणात पहिल्या प्लॅनचा रीच ६५ टक्के लिहिला होता. एका वाहिनीचा रीच ४० आणि दुसरीचा २५, म्हणून त्याने दोन्ही आकडे मिळवले होते. रीच म्हणजे ज्यांना जाहिरात निदान एकदा तरी दिसण्याची संधी मिळाली अशा माणसांचे प्रमाण, आणि त्यात एक माणूस एकदाच मोजला जातो. त्यामुळे दोन्ही वाहिन्या पाहणारे लोक एकदा वजा करावेच लागतात. दोन्ही वाहिन्यांच्या प्रेक्षकांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर हे सामाईक लोक ४० टक्क्यांचे २५ टक्के, म्हणजे १० टक्के निघाले असते. येथे ते १५ टक्के होते, कारण दोन्हीकडे एकाच प्रकारच्या मालिका होत्या आणि त्या पाहणारी माणसेही बरीचशी तीच होती. खरा रीच ५० टक्के. मी आकडा दुरुस्त करून घेतला आणि पुढे गेले. त्या १५ टक्क्यांनी मला तेव्हाच सावध करायला हवे होते.

बैठकीला कंपनीचे वित्त विभागाचे प्रमुख आले होते. माध्यमांशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता आणि ते त्यांनी आधीच सांगून टाकले. ३०० या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "मॅडम, लक्ष्यगट शंभर टक्क्यांचा आहे. मग हे तीनशे कुठून आले?"

मी कोरा कागद घेतला आणि त्यावर दहा वर्तुळे काढली. "सर, ही लक्ष्यगटातली दहा माणसे समजा. रीच ५० टक्के आहे, म्हणजे यांतल्या पाच जणांना जाहिरात दिसेल." मी पाच वर्तुळांत प्रत्येकी सहा रेघा ओढल्या. "या पाच जणांना ती सरासरी सहा वेळा दिसेल. ही झाली फ्रिक्वेन्सी, वारंवारिता. सगळ्या रेघा मोजल्या तर तीस होतात. दहा माणसांमागे तीस, म्हणजे शंभरांमागे तीनशे. जीआरपी रेघा मोजतो, माणसे मोजत नाही. प्रत्येक स्पॉटचे रेटिंग, म्हणजे लक्ष्यगटातल्या किती टक्के लोकांनी तो पाहिला तो आकडा, एकात एक मिळवत गेले की जीआरपी तयार होतो. म्हणून रीच गुणिले फ्रिक्वेन्सी बरोबर जीआरपी, पन्नास गुणिले सहा बरोबर तीनशे."

सीपीटीही मी त्याच कागदावर समजावून सांगितला. १० लाखांचे ३०० टक्के म्हणजे ३० लाख संपर्क. हजाराच्या हिशेबाने ते ३,००० हजार झाले. ६ लाखांना ३,००० ने भागले की २०० रुपये येतात. (हाच आकडा डिजिटल माध्यमांत सीपीएम म्हणून ओळखला जातो. त्यातला एम हा लॅटिन भाषेतल्या हजाराचा आहे, दशलक्षाचा नाही. तो दशलक्ष समजून केलेल्या हिशेबात खर्च हजारपट चुकतो, आणि मी तसे झालेले पाहिले आहे.)

त्यांनी कागद स्वतःकडे ओढला आणि थोडा वेळ वर्तुळांकडे पाहिले. मग ते म्हणाले, "हिशेब पटला. पण ही पाच माणसे सारखाच वेळ टीव्ही पाहतात का? आमच्या घरात तर एक जण रोज रात्री टीव्हीसमोर असतो आणि दुसरा आठवड्यातून एकदा."

मी "सरासरी आहे, सर" एवढेच म्हणाले, आणि म्हणतानाच मला जाणवले की या उत्तरात काहीच नाही. मी दोन तासांची मुदत मागून घेतली.

आमच्या नियोजनाच्या संगणक-प्रणालीत वारंवारितेची विभागणी दाखवणारा तक्ता निघतो. किती टक्के लोकांना जाहिरात एकदाच दिसेल, किती जणांना दोनदा, किती जणांना तीनदा, असा तो तक्ता असतो. सरासरी हाताशी असल्यामुळे मी तो उघडलाच नव्हता. पहिल्या प्लॅनमध्ये १८ टक्के लोकांना जाहिरात एकदाच दिसणार होती, १० टक्के लोकांना दोनदा, आणि उरलेल्या २२ टक्के लोकांना तीन किंवा अधिक वेळा. आता जीआरपी वाटून पाहू. एकदा पाहणाऱ्यांचे १८, दोनदा पाहणाऱ्यांचे २०, मिळून ३८. तीनशेतून ३८ गेले की २६२ राहतात आणि ते सगळे या २२ टक्के लोकांच्या वाट्याला येतात. म्हणजे या लोकांना जाहिरात सरासरी जवळपास बारा वेळा दिसणार होती, आणि आम्ही विकत घेतलेल्या संपर्कांपैकी ८७ टक्के त्यांच्यावरच खर्च होणार होते. ज्या "सहा वेळा"बद्दल मी इतक्या खात्रीने बोलले होते, तेवढ्या वेळा जाहिरात पाहणारी माणसे प्रत्यक्षात मोजकीच होती.

कारण उघड होते. रोज त्याच वेळी लागणारी मालिका रोज तीच माणसे पाहतात. पहिल्या आठवड्यात रीच झपाट्याने वाढतो, पण त्यानंतर प्रत्येक नवा स्पॉट बहुतेक जुन्याच प्रेक्षकांवर जाऊन पडतो. रीचचा आलेख सपाट होतो आणि फ्रिक्वेन्सी तेवढी वाढत राहते. जीआरपीला यातले काही दिसत नाही. नवा माणूस आणि तेराव्यांदा जाहिरात पाहणारा माणूस, दोघांची रेघ त्याच्या लेखी सारखीच. सीपीटीही त्याच रेघांना भागतो, म्हणून नेमका असाच प्लॅन त्यात स्वस्त दिसतो.

दुसऱ्या प्लॅनचा तक्ता मी शेजारी मांडला. त्याचा रीच ७५ टक्के आणि सरासरी फ्रिक्वेन्सी ४ होती. १५ टक्के लोकांना जाहिरात एकदा, १४ टक्के लोकांना दोनदा आणि ४६ टक्के लोकांना तीन किंवा अधिक वेळा दिसणार होती. हे ४६ टक्के लोक ती सरासरी साडेपाच वेळांच्या आसपास पाहणार होते.

तीन ही रेषा मी का धरली, हेही सांगायला हवे. जाहिरात-संशोधक हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये असे मांडले की जाहिरात पहिल्यांदा पाहताना "हे काय आहे?" असा प्रश्न मनात उठतो, दुसऱ्यांदा "याचा मला काय उपयोग?" असा, आणि तिसऱ्या वेळेपासून पुढे ती केवळ आठवण करून देते. ते मनातल्या टप्प्यांबद्दल बोलत होते, पण आमच्या व्यवसायाने त्यातून जाहिरात तीन वेळा दिसण्याचा ठोकताळा बनवला. ओळखीच्या वस्तूला खरेदीच्या आदल्या दिवशीचे एकदाचे दर्शनही पुरू शकते. शिवाय रेटिंग सांगते ते पाहण्याच्या संधीबद्दल. माणूस खोलीत होता, पण नजर पडद्यावर होती की नाही, हे त्यातून कळत नाही. पूर्णपणे नव्या आणि वापर समजावून सांगावा लागणाऱ्या उपकरणासाठी मात्र निदान तीनदा ही अपेक्षा मला वाजवी वाटली, आणि मी ती अंदाज म्हणूनच मांडली.

दुपारी मी परत गेले तेव्हा तो कागद टेबलावरच होता. त्यावर मी नवी दहा वर्तुळे काढली. पाच रिकामी ठेवली, दोनांत एकेक रेघ ओढली, एकात दोन, आणि उरलेल्या दोनांत प्रत्येकी तेरा. शेवटच्या दोन वर्तुळांत रेघा मावेनात. एकूण रेघा पुन्हा तीसच होत्या. साहेबांनी त्या स्वतः मोजल्या.

मग मी आणखी एक भागाकार मांडला. पहिल्या प्लॅनमध्ये तीन किंवा अधिक वेळा जाहिरात पाहणारे २ लाख २० हजार लोक होते. ६ लाख रुपयांना २२० ने भागले की अशा दर हजार माणसांमागे सुमारे २,७२७ रुपये पडतात. दुसऱ्या प्लॅनमध्ये असे ४ लाख ६० हजार लोक होते, आणि ६ लाख ६० हजारांना ४६० ने भागले की १,४३५ रुपये येतात. संपर्कांच्या भावात दहा टक्के महाग असलेला प्लॅन माणसांच्या भावात जवळजवळ निम्मा स्वस्त होता.

"मग सकाळी तुम्ही पहिला का सुचवलात?" त्यांनी शांतपणे विचारले.

"सर, मी सीपीटी पाहिला आणि विभागणी पाहिली नाही. चूक माझी आहे," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि दुसरा प्लॅन मंजूर केला.

मोहीम संपल्यावर प्रत्यक्ष आकडे आले. नियोजनातले रेटिंग मागच्या आठवड्यांच्या नोंदींवरून काढलेले असते, त्यामुळे थोडा फरक अपेक्षित होताच. रविवारच्या दोन चित्रपटांना अंदाजापेक्षा कमी प्रेक्षक मिळाले होते. जीआरपी २८८ आले, रीच ७२, आणि तीनदा किंवा अधिक पाहणारे ४२ टक्के. अशा दर हजार माणसांमागचा खर्च १,५७१ रुपये झाला. अहवालाच्या पहिल्याच पानावर मी तो आकडा सीपीटीच्या वर घेतला आणि त्याखाली विभागणीचा पूर्ण तक्ता जोडून साहेबांना पाठवला.