केळीच्या ट्रकला डिझेल हिटर बसवला, त्याची हकीकत

सावद्याहून केळी भरून काश्मीरला जाणारी आमची गाडी हिवाळ्यात रस्त्यात हमखास अडकते. रामबनला दरड आली की उधमपूरला थांबवतात, बर्फ पडला की काझीगुंडला. रात्र केबिनमध्येच काढावी लागते. आपल्याकडे रावेर-यावलला डिसेंबरात पहाटे पारा आठ-नऊ अंशांवर आला तरी शेकोट्या पेटतात. तिकडे तो शून्याच्या खाली जातो. त्यावर ड्रायव्हर लोक दोनच उपाय करतात. एक म्हणजे रात्रभर इंजिन चालू ठेवायचं, दुसरा म्हणजे केबिनमध्ये शेगडी पेटवून काचा लावून घ्यायच्या. पहिल्यात डिझेल जातं, दुसऱ्यात जीव. शेगडीच्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागच येत नाही. माझा पुतण्या गाडीवर जायला लागला तेव्हाच ठरवलं, की शेगडी गाडीत चढणार नाही आणि इंजिन बंद असतानाही डिझेलवर चालणारा पार्किंग हिटर बसवायचा.

हिटर आला तेव्हा मी आधी तो खोलून पाहिला. आत ॲल्युमिनियमचं, बाहेरून पात्या काढलेलं जाड भांडं असतं, त्याच्या पोटात जळणाची नळी. टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप टक-टक करत एकेक थेंब सोडतो. विजेवर तापणारा ग्लो प्लग लाल होतो, त्याभोवतीच्या बारीक जाळीवर डिझेलची वाफ होते आणि ती पेटते. जळायला लागणारी हवा गाडीच्या खालून एका नळीने येते, धूर दुसऱ्या नळीने खालीच बाहेर जातो. केबिनमधली हवा मात्र पंख्याने भांड्याच्या बाहेरून फिरते, तापते आणि परत केबिनमध्ये येते. या दोन हवा एकमेकींना कुठेच भेटत नाहीत, आणि शेगडी व हिटर यांच्यातला सगळा फरक हाच. तेव्हा बसवताना आपलं कामही एकच: त्या दोन वाटा कधीही एक होऊ द्यायच्या नाहीत.

खोक्यावर पाच किलोवॅट लिहिलेलं होतं. मी पंपाचं लेबल वाचलं. त्यावर २२ मिली असा आकडा असतो, म्हणजे हजार टोल्यांना २२ मिली, एका टोल्याला ०.०२२ मिली. कंट्रोलरवर पंपाचा जास्तीत जास्त वेग सेकंदाला ५ टोले दिसत होता. हिशेब केला तर तासाला ३९६ मिली. एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास उष्णता असते, म्हणजे पूर्ण जोरावर जळणातूनच चार किलोवॅट निघणार आणि त्यातली वीस-पंचवीस टक्के धुराबरोबर जाणार. केबिनला मिळणार तीन. खोक्यावरचा पाच या पंपातून निघूच शकत नाही. आमच्या केबिनला तीनही जास्तच होतात, म्हणून मला त्याचं दुःख नाही, पण मोठी बस गरम करायला कोणी आकडा बघून घेत असेल तर त्याने आधी पंप वाचावा.

सगळ्यात कमी वेगावर सेकंदाला १.६ टोले, म्हणजे मिनिटाला ९६. तासाला १२७ मिली होतात. खात्रीसाठी पंपाची ओढणारी नळी टाकीऐवजी खुणा असलेल्या मापात सोडली आणि तासभर हिटर चालवला. पातळी जवळपास तेवढीच उतरली. आता नऊ तासांची रात्र धरा. पहिला अर्धा तास पूर्ण जोरावर, दोनशे मिली. उरलेले साडेआठ तास कमी वेगावर, एक लिटर आणि ऐंशी मिली. सगळं मिळून सव्वा लिटरच्या थोडं वर. हेच काम इंजिन चालू ठेवून केलं तर तासाला दीड-दोन लिटर डिझेल जातं, शिवाय बर्फात मागचा सायलेन्सर बुजला तर तोच धूर केबिनकडे वळतो.

बसवण्याचं काम भुसावळच्या एका मिस्तरींकडे केलं. ते ट्रकच्या वायरिंगमध्ये मुरलेले, पण हिटर त्यांच्याही हाताखाली नवा होता, म्हणून मी शेजारीच बसून राहिलो. हिटर क्लिनरच्या सीटखाली घेतला. त्याच्या पायांखाली लोखंडी पट्टी आणि गॅस्केट येतं. फरशीला भोक पाडून हवा, धूर आणि डिझेल अशा तिन्ही नळ्या त्या पट्टीतून थेट खाली जातात. धुराच्या नळीचा सांधा फरशीच्या खाली, मोकळ्या हवेत आला पाहिजे. तो केबिनच्या आत घ्यायचा नाही म्हणजे नाही, कितीही पक्का क्लॅम्प लावला तरी.

मिस्तरींनी धुराची नळी नेहमीच्या सवयीने चेसिसला क्लॅम्प करायला घेतली. मी म्हटलं, "नाना, केबिन तर पुढे झुकते. आणि चालताना चेसिसपेक्षा वेगळी हलते." त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग ही नळी केबिनलाच धरू. चेसिसला काहीच नको." तसंच केलं. ही नळी घड्या घातलेल्या पातळ स्टीलची असते. एक टोक केबिनला आणि दुसरं चेसिसला बांधलं, तर रोजच्या हादऱ्याने ती सांध्याजवळच चिरते, आणि नेमकी केबिनच्या पोटाखाली. डिझेलची नळी मात्र टाकीकडून येते, तिला बिजागरीजवळ भरपूर सैल वळसा ठेवला.

धुराच्या नळीचं टोक कुठे काढायचं यावर बराच वेळ गेला. केबिनच्या खाली सोडलं तर धूर फरशीतल्या फटींतून वर येतो. पुढे तोंड केलं तर वारा तो परत आत ढकलतो. मागे ब्रेकच्या हवेच्या नळ्या आहेत, बाजूला डिझेलची टाकी. नळी इतकी तापते, की त्यांच्या जवळून नेता येत नाही. शेवटी केबिनच्या मागच्या कडेपलीकडे, टाकीच्या उलट बाजूला, तिरकं खाली तोंड करून काढलं. लांबी दोन मीटरच्या आत ठेवली. वाटेत जिथे नळी सर्वांत खाली येते तिथे लहान भोक ठेवलं, कारण धुरातलं पाणी थंडीत साचून गोठतं आणि वाट बंद करतं. हवा ओढणारी नळी दुसऱ्या बाजूला, मागे तोंड करून, म्हणजे ती आपलाच धूर ओढणार नाही.

खोक्यातला सायलेन्सर लावण्याआधी मी तो बाकावर तपासला. पातळ पत्रा दुमडून केलेली शिवण असते त्याला. पाणी निघायचं भोक आणि एक तोंड बोटांनी दाबलं, दुसऱ्या तोंडाने हवा फुंकली आणि पुतण्याने शिवणीवर साबणाचा फेस लावला. शिवणीच्या अर्ध्या लांबीत बारीक बुडबुडे फुलत गेले. म्हणजे तेवढ्या लांबीतून धूर वाटेतच बाहेर पडणार होता. आम्ही ती शिवण आर्गन वेल्डिंगने भरून घेतली आणि पुन्हा फेस लावला, तेव्हा एकही बुडबुडा नाही. हीच तपासणी नळीच्या प्रत्येक सांध्यावर केली.

वायर थेट बॅटरीवर घेतली, फ्यूज लावून, गाडीची सगळी वीज तोडणाऱ्या कट-ऑफ स्विचच्या आधी. आपले ड्रायव्हर गाडी उभी केली की सवयीने कट-ऑफ फिरवतात. हिटर बंद केल्यावर पंखा चार-पाच मिनिटं फिरत राहतो, उरलेलं डिझेल जाळतो आणि भांडं थंड करतो. मध्येच वीज तोडली तर उष्णता आतच अडकते, जाळीवर काजळी बसते आणि वायरीही भाजतात.

केबिनमध्ये झोपायच्या फळीजवळ, उशीच्या उंचीवर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावला. तो आकडा दाखवणाराच घेतला. युरोपीय मानक ईएन ५०२९१ प्रमाणे बनलेला अलार्म ५० पीपीएमला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू असला तर, ६० ते ९० मिनिटांनी वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे ४० पीपीएमवर तो बराच वेळ गप्प असू शकतो. आकडा दिसत असला तर माणूस आधीच सावध होतो. घरच्या अंगणात काचा बंद करून हिटर पूर्ण जोरावर तासभर चालवला, आकडा शून्यावरून हलला नाही, तेव्हा कुठे गाडी भरायला पाठवली.

त्या हिवाळ्यात काझीगुंडला अडकलो असताना मी सोबत होतो. रात्री झोपण्याआधी पाहिलं तर आकडा ३८. डोकं थोडं जड वाटत होतं, पण ते थंडीनेही वाटतं. हिटर बंद केला, दोन्ही दारं उघडली, खाली उतरलो. आकडा शून्यावर आला. मग हिटर बंदच ठेवून दारं लावली आणि बाहेरून काचेतून पाहत उभे राहिलो. थोड्या वेळात आकडा पुन्हा चढू लागला. म्हणजे धूर आमचा नव्हता. शेजारी चिकटून उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन चालू होतं आणि तिचा सायलेन्सर आमच्या दाराकडे होता. पुतण्याने जाऊन सांगितलं, "भाईसाब, आपका धुआँ हमारे अंदर आ रहा है." त्या ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. उलट, हिटर बंद असताना आकडा शून्यावर टिकला असता आणि चालू करताच चढला असता, तर हिटर त्या रात्री पुन्हा लावला नसता.

काझीगुंड साधारण १,६७० मीटर उंचीवर आहे, तिथे हवा आपल्यापेक्षा पंधरा-सोळा टक्क्यांनी विरळ. डिझेल तेवढंच आणि हवा कमी, म्हणजे धूर काळा आणि काजळी जास्त. कंट्रोलरवर पंपाचा कमाल वेग थोडा उतरवला की धूर पुन्हा स्वच्छ होतो. पेटताना थोडा पांढरा धूर येणारच, ते न जळलेलं डिझेल असतं. पण तो थांबतच नसेल, तर ग्लो प्लग किंवा जाळी बघायची. रात्रभर कमी वेगावर चाललेल्या हिटरला सकाळी बंद करण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं पूर्ण जोरावर ठेवतो, त्याने आतली काजळी बरीच जळून जाते.

या हिटरचा केळीला काही उपयोग नाही, हे व्यापारी विचारतात म्हणून सांगतो. केळीला १३ अंशांच्या खाली थंडी लागते आणि साल काळवंडते. तो माल ताडपत्री आणि पाल्यानेच राखावा लागतो. हिटर फक्त माणसासाठी आहे. डिझेल भरताना पंपावर तो बंद ठेवायचा, आणि गोदामात किंवा पिकवणीच्या खोलीजवळ बंद जागेत गाडी उभी असेल तर लावायचाच नाही, कारण तिथे बाहेर टाकलेला धूर फिरून आत येतो. बर्फ पडत असेल तर झोपण्याआधी उतरून नळीचं तोंड हाताने मोकळं करायचं. दर वर्षी दिवाळीनंतर जाळी बदलतो, पट्टीचं गॅस्केट बघतो, आणि सायलेन्सर काढून शिवणीवर पुन्हा साबणाचा फेस लावतो.