आमची वाटचाल: दोनशे तक्रारी आणि एक चढती रेघ

पाण्याच्या आरओ मशीनची विक्री आणि सर्व्हिस हा आमचा धंदा. गिऱ्हाईक वाढले तशा तक्रारीही वाढल्या. टेक्निशियन म्हणायचे, बोअरच्या जड पाण्याने मेम्ब्रेन चोक होतात, त्याच तक्रारी जास्त. खरंखोटं करायला एका तिमाहीच्या तक्रारी वहीतून काढून पॅरेटो चार्ट केला, म्हणजे कारणांचे खांब मोठ्यापासून लहानाकडे मांडले आणि वर एकत्रित टक्केवारीची रेघ काढली.

खरी मेहनत कारण लिहिण्यात होती. ‘पाणी येत नाही’ हे कारण नव्हे, ते लक्षण. म्हणून नियम केला: कारण टेक्निशियनने पाहून आल्यावर लिहायचं, आणि एका तक्रारीला एकच.

एकूण तक्रारी २००. सांगितलेल्या वेळी माणूस न पोहोचणं ७४, सर्व्हिसनंतर गळती ५२, पार्ट जवळ नसल्याने दुसरी फेरी ३२, मेम्ब्रेन १४, बिलाचा वाद १०, फोन न उचलणं ८ आणि इतर १०. ‘इतर’चा खांब आकड्याने मोठा असला तरी शेवटीच ठेवायचा. एकत्रित टक्केवारीसाठी एक्सेलमध्ये हे सात आकडे B2 ते B8 मध्ये भरले आणि C2 मध्ये हे सूत्र लिहून खाली ओढलं:

```
=SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$8)
```

रेघ ३७, ६३, ७९ अशी चढली आणि तिथून पुढे सपाट होत गेली. डाव्या अक्षाचं टोक २०० आणि उजव्याचं १०० टक्के ठेवलं, तरच रेघ पहिल्या खांबाच्या माथ्यापासून निघते आणि दोन्ही बाजू जुळतात. मेम्ब्रेन चौथ्या नंबरवर होतं, जेमतेम ७ टक्के.

पहिलं कारण वेळेचं. त्यासाठी कॉल भागवार वाटले, पण गर्दीच्या दिवसांत ते अजून पुरतं बसलेलं नाही. गळती मात्र आमच्या हातातली होती. त्या ५२ तक्रारींचा वेगळा चार्ट केला, या वेळी गळतीच्या जागेप्रमाणे. ३१ गळती पुशफिट कनेक्टरवर निघाल्या, त्याही फिल्टर बदलल्यानंतरच्या. काढलेली पाइप तशीच परत खुपसली जायची. जुन्या टोकावर कनेक्टरच्या दातांचे ओरखडे असतात, तिथे ओ-रिंग नीट बसत नाही आणि दाब आला की थेंब सुरू होतात. आता प्रत्येकाच्या पिशवीत पाइप कटर आहे. ओरखड्यांचं टोक सरळ कापायचं, पाइप शेवटपर्यंत दाबायची, ओढून बघायची आणि पाणी चालू करून थोडा वेळ थांबायचं.

पुढच्या तिमाहीत एकूण तक्रारी १३१ आल्या, त्यांत गळतीच्या १७. वेळेच्या तक्रारी ७४ वरून ५८ झाल्या, पण टक्केवारीत त्या ३७ वरून ४४ वर गेल्या, कारण एकूण बेरीजच घटली. नुसती रेघ पाहून आमचा सुपरवायझर काळजीत पडला होता. म्हणून दोन तिमाह्यांची तुलना आम्ही खांबांच्या आकड्यांवर करतो, आणि त्या चार्टपुरता डावा अक्ष दोन्हीकडे २०० पर्यंतच ठेवतो.