बिल ६८,२०० रुपये, कंपनीने दिले ४७,५००

सातारा-कोरेगाव रस्त्यावर १९ ऑगस्ट २०२४ च्या संध्याकाळी पाऊस पडत होता. माझ्यापुढे एक टेम्पो होता आणि त्याच्या मागून लोखंडी पाइप हातभर बाहेर आले होते. त्याने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, पण ओल्या रस्त्यावर गाडी घसरत गेली. बोनेट चेपलं, उजवा हेडलाइट फुटला आणि एक पाइप थेट समोरच्या काचेवर आदळला. मला काही लागलं नाही. टेम्पोवाला उतरला, पाइप मोजले आणि निघून गेला.

विमा होता, तोही सर्वसमावेशक. गॅरेज कॅशलेसवालं होतं. रात्रीच कंपनीला कळवलं, तीन दिवसांनी सर्व्हेयर येऊन फोटो काढून गेले आणि मी निर्धास्त झाले. ‘कॅशलेस’ म्हणजे खिशाला हात लावायचा नाही, अशी माझी समजूत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गॅरेजमधून फोन आला, "मॅडम, गाडी तयार आहे. येताना वीस हजार सातशे घेऊन या."

मला आधी वाटलं, त्याने दुसऱ्याच कोणाला फोन लावलाय.

गॅरेजमध्ये जाऊन मी पैसे भरण्याआधी हिशेबाचा कागद मागितला. बिल नव्हे, सर्व्हेयरने कंपनीला दिलेला तपशील. त्यात प्रत्येक सुट्या भागापुढे किंमत, टक्के आणि मंजूर रक्कम लिहिलेली असते. सल्लागार मुलगा जरा कुरकुरला, पण प्रिंट काढून दिली. तिथल्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पेन घेऊन मी एकेक ओळ वाचली. तेव्हा कुठे कळलं की कंपनी पैसे कापताना बिलाकडे एकरकमी बघतच नाही, भाग कशाचा बनलाय ते बघते.

बंपर, हेडलाइट, ग्रिल आणि चाकावरचं लायनर हे सगळं प्लास्टिक. मिळून १७,६०० रुपये. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर गाडी नवी असो की जुनी, सरसकट ५० टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून किमतीत धरलेली घट. म्हणजे ८,८०० गेले. बोनेट, मडगार्ड आणि एसीचा कंडेन्सर हे धातूचे भाग, २२,००० रुपयांचे. त्यांचा घसारा गाडीच्या वयावर ठरतो. पहिले सहा महिने काहीच नाही, मग हळूहळू वाढत तिसरं वर्ष उलटल्यावर २५ टक्के, चौथं उलटल्यावर ३५, पाचवं उलटल्यावर ४०. माझ्या कागदावर ३५ टक्के होते, म्हणजे ७,७०० गेले. समोरची काच ७,५०० ची, तिच्यावर शून्य. काचेला घसारा नसतो. मजुरीचे ९,००० पूर्ण मंजूर होते.

रंगाचं गणित गमतीचं आहे. रंगकामाच्या १०,८०० रुपयांत फक्त रंगाच्या मालावर ५० टक्के घसारा लागतो, कारागिराच्या मेहनतीवर नाही. बिलात दोन्ही एकत्र असेल तर माल एकूण रकमेच्या पाव भाग धरतात. पावाचा निम्मा, म्हणून १,३५० कापले. क्लिपा, नटबोल्ट, कूलंट, एसीचा गॅस यांचे १,३०० रुपये साफ नामंजूर. जुन्या भागांचं भंगार म्हणून ५५० वजा. आणि सगळ्यात शेवटी एक हजार, कंपल्सरी डिडक्टिबल. १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला प्रत्येक क्लेममागे हजार रुपये मालकानेच सोसायचे, त्यावरच्या इंजिनाला दोन हजार. झिरो डेप, म्हणजे घसारा कापला जाऊ नये म्हणून पॉलिसीत जादा घेतात ते कव्हर, घेतलं तरी हे हजार सुटत नाहीत.

झिरो डेपची आठवण मला नको होती. आदल्या वर्षी पॉलिसी करताना आमच्या एजंट काकांनी विचारलं होतं आणि मीच म्हणाले होते, "काढून टाका ते, मी काही शर्यत लावत नाही."

दोन ठिकाणी मला शंका आली. पहिली हेडलाइटची. त्याच्यापुढे ‘काच’ आहे, मग ५० टक्के का? सर्व्हेयरना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, जुना हेडलाइट तिथेच पडला असेल. नखाने वाजवून बघा." मी भंगाराच्या ढिगातून तो शोधला आणि टिचकी मारली. ‘टण्’ ऐवजी ‘टक्’ आवाज आला, डब्याच्या झाकणासारखा. पॉलिकार्बोनेट, म्हणजे प्लास्टिकच. तुटलेली कडही काचेसारखी धारदार नव्हती, पांढरट पडून वाकली होती. हा मुद्दा मी हरले.

दुसरी शंका ३५ टक्क्यांची. गाडीची नोंदणी २६ ऑगस्ट २०२० ची. अपघात १९ ऑगस्ट २०२४ चा. म्हणजे अपघाताच्या दिवशी गाडीला चार वर्षं पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. पण अंतिम पाहणी सप्टेंबरमध्ये झाली, आणि कोणीतरी त्या तारखेला गाडीचं वय मोजलं होतं. नुकसान ज्या दिवशी झालं त्या दिवसाचं वय धरायला हवं, म्हणजे २५ टक्के. २२,००० वर दहा टक्क्यांचा फरक, २,२०० रुपये.

सल्लागार म्हणाला, "मॅडम, आधी सगळे भरा, मग बघू." गाडीशिवाय शाळेत जायची पंचाईत होती, म्हणून मी २०,७०० भरले. पण भरण्याआधी तिथूनच सर्व्हेयर आणि कंपनी दोघांना ईमेल केला: रक्कम हिशेब मान्य नसताना भरत आहे, धातूच्या भागांवरचा घसारा चुकला आहे. सोबत आरसीचा फोटो आणि अपघाताच्या रात्री क्लेम नोंदवल्याचा मेसेज जोडला. त्यातली तारीखच माझा पुरावा होती. भांडण किंवा वकिली भाषा काही नाही, चार ओळी.

तिसऱ्या दिवशी सर्व्हेयरचा फोन आला. "बरोबर आहे तुमचं," एवढंच म्हणाले आणि सुधारित अहवाल पाठवला. कंपनीने रद्द केलेला चेक मागितला, आणि बारा दिवसांनी २,२०० रुपये खात्यात आले. नसते आले तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि महिनाभरात तिथेही काही झालं नसतं तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जायची तयारी होती. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. ती वेळ आली नाही.

शेवटी माझ्या खिशातून १८,५०० गेले. झिरो डेप असतं तर त्यातले घसाऱ्याचे १५,६५० वाचले असते. आदल्या वर्षी मी ते काढून किती वाचवले होते, हे घरात कोणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

या गडबडीत गाडी गॅरेजमध्ये असतानाच पॉलिसीची मुदत संपत आली. काकांनी नेहमीच्या सवयीने नूतनीकरणाचा फॉर्म आधीच भरून पाठवला होता, आणि नो क्लेम बोनसच्या रकान्यात ४५ टक्के लिहिलेलं होतं. चौथं वर्षही क्लेमविना गेलं असतं तर तेवढाच मिळाला असता. मी फोन केला.

"काका, या वर्षी क्लेम झालाय. खोटं लिहिलं तर पुढच्या क्लेमला कंपनी हात वर करेल."

"अरे हो की," काका म्हणाले, "विसरलोच. मग बाई, बोनस शून्य. हप्ता वाढेल."

"वाढू दे. आणि झिरो डेप टाका."

"गाडी कुठाय?"

"गॅरेजमध्ये."

"मग आधी दुरुस्त होऊन येऊ दे. कंपनी फोटो मागेल."