वायफाय बंद, आबांचा फोन चालू

गेल्या आषाढात बारा दिवसांसाठी पुण्याला लेकीकडे जायचं होतं. घर खानापूर तालुक्यात. मागे फक्त आबा, वय ८१, त्यामुळे सीसीटीव्ही आणि फोन चालू ठेवणं भाग होतं. वायफाय मात्र मला नको होतं. आमच्या कट्ट्यावर संध्याकाळी गल्लीतली पाच-सहा पोरं बसतात, ती गप्पा मारायला नव्हे. पासवर्ड बदलून काही उपयोग नाही. मागितला की आबा कपाटावर चिकटवलेली चिठ्ठीच दाखवतात.

मेहुणा म्हणाला, "भावजी, राउटर बंदच करून जावा की." पण राउटर बंद केला तर डीव्हीआरचं चित्र पुण्यात दिसणार नाही. कॅमेऱ्यांच्या केबली थेट डीव्हीआरला असल्याने रेकॉर्डिंग हार्डडिस्कवर होत राहील, पण ते मला बघायला मिळायचं घरी परतल्यावर. मला बंद करायचा होता तो फक्त राउटरमधला रेडिओ. इंटरनेट आत आणणं, प्रत्येक यंत्राला पत्ता देणं, केबलच्या पोर्टांना जोडणं हे काम राउटर रेडिओशिवायही करतो.

निघायच्या आदल्या दिवशी लॅपटॉप केबलने जोडला. वायफायवर बसूनच हे करायला गेलं की `Apply` दाबताक्षणी आपणच बाहेर फेकले जातो आणि सेटिंग नीट बसलं का ते कळत नाही. माझ्या लॅपटॉपला केबलचं भोकच नाही, म्हणून यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर आणलं. ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाकलं, आत गेलो, `WLAN` मध्ये `Enable Wireless` ची खूण काढली. फोनच्या यादीत आमचं नाव तसंच! माझ्या राउटरला २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन रेडिओ आहेत, दोघांची पानं वेगळी. दुसऱ्या पानावरची खूण काढल्यावरच नाव गेलं. तिथेच `Hide SSID` असंही असतं. त्याला भुलू नये, त्याने नाव तेवढं लपतं, रेडिओ चालूच राहतो आणि पासवर्ड माहीत असलेली पोरं नाव हाताने टाकून जोडली जातात. खरी खूण राउटरच्या अंगावर दिसते: `WLAN` चा दिवा विझलेला आणि `LAN` चा लुकलुकणारा.

राउटरच्या मागे वायफायचं बटणही आहे. तेही दाबून पाहिलं. माझ्या डब्यात बटणाने बंद केलेलं वायफाय लाईट जाऊन आल्यावर परत सुरू झालं, पानावरून बंद केलेलं मात्र बंदच राहिलं. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट दिवसातून कितीदा जाते ते विचारू नका, म्हणून निघण्याआधी राउटरचं विजेचं अडॅप्टर उपटून परत लावून बघितलं ते बरं झालं.

मग आतून आबांची हाक. "टीव्हीवरचं भजन थांबलं बघ." टीव्ही वायफायवर होता हे मी साफ विसरलो होतो. टीव्हीच्या पाठीमागे लॅनचा पोर्ट होता, तिथवर केबल ओढली, नेटवर्कच्या सेटिंगमध्ये वायर्ड निवडलं, भजन पुढे चालू. छपरावरच्या सोलरच्या इन्व्हर्टरची काडी मात्र फक्त वायफायवर चालते, तिला इलाज नव्हता. वीज बनतच राहते, मोबाईलवर आकडे तेवढे येत नाहीत. बारा दिवस आकड्यांवाचून कोणी मरत नाही.

खरी गफलत संध्याकाळी कळली. अंगणातून आबांच्या मोबाईलला फोन लावला तर लागेना. आमच्या जुन्या घराच्या जाड भिंतींत रेंज येत नाही, आबांचा फोन आतापर्यंत वायफाय कॉलिंगवर चालत होता. रेडिओ गेला, तसा फोनही गेला. म्हणजे पोरांसाठी बंद केलेलं दार आबांनाच लागलं होतं.

उपाय राउटरच्या मागेच होता. फायबरच्या डब्याला टेलिफोनचा पोर्ट असतो आणि आमच्या जोडणीत लँडलाइनचा नंबरही मिळाला होता, वापरात कधी आला नव्हता. माळ्यावरचा जुना फोन पुसून `TEL` मध्ये लावला, डायल टोन आला. तो आवाज वायफायवरून येत नाही, म्हणून रेडिओचा त्याच्याशी संबंध नाही. पण लाईट गेली की डबा बंद आणि फोनही बंद, हे मात्र खरं. म्हणून डब्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. आमच्या डब्यावर तो साधारण तीन तास पुरतो. डीव्हीआर त्यावर नाही, तेव्हा लाईट गेल्यावर पुण्यात चित्र दिसेनासं व्हायचं आणि मी लँडलाइनला फोन करायचो.

तिसऱ्या दिवशी आबा फोनवर म्हणाले, "पोरं आलती, नेट का नाही म्हणून विचारालती."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"चिठ्ठी दाखवली की."