यामुळे, ज्यामुळे आणि हे: हिंदमाताचा परिच्छेद सोडवला

तर मंडळी, सध्या मी फक्त वाक्याच्या तोंडाशी बसलेल्या यामुळे, ज्यामुळे आणि हे या तिघांच्या मागे लागलोय, बाकी शुद्धलेखन वगैरे तूर्तास जाऊ दे. या वेळचा नमुना परळच्या एका मित्राचा, सोसायटीच्या अंकासाठी लिहिलेला, विषय मुंबईतल्या हिंदमाता या सखल भागात पाणी का भरतं. वाचायला एकदम गुळगुळीत, म्हणूनच संशय आला.

"भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्राचं पाणी नाल्यांच्या तोंडातून आत शिरू लागतं. यामुळे फ्लडगेट बंद करतात. यामुळे शहरातलं पाणी बाहेर जात नाही. ज्यामुळे हिंदमातासारखे सखल भाग तुंबतात. हे थांबवायला पंपिंग स्टेशनं बांधली."

पहिलं यामुळे चालेल, मागे एकच गोष्ट घडतेय आणि तीच उचललीय. दुसऱ्यावर थांबा. पाणी बाहेर का जात नाही, गेट बंद म्हणून की समुद्र चढला म्हणून? वाक्याचं व्याकरण दोन्हीला हो म्हणतं. मित्राच्या शेजारच्या काकांनी पहिला अर्थ घेतला आणि लगेच विचारलं, "मग उघडत का नाहीत ते गेट?" काकांचं काही चुकलं नाही हो, परिच्छेदाने त्यांना तिथेच नेऊन सोडलं. प्रत्यक्षात त्या वेळी नाल्याचं तोंड समुद्राच्या पातळीखाली असतं, गेट उघडलं तर उलट समुद्रच आत येईल. म्हणजे अडवणूक समुद्राच्या पातळीची आहे, गेट फक्त उलटा प्रवाह रोखतंय. दोन अर्थांमधून दोन वेगळे उपाय निघतात, आणि त्यातला एक उफराटा आहे.

आता गंमत बघा, मराठीत लिंग आहे म्हणून आपण निर्धास्त असतो, भरती ती, नाला तो, पाणी ते, मग घोळ कसा होणार? साध्या तो-ती-ते मध्ये होत नाही पण, "तो तुंबतो" म्हटलं की नालाच. पण मुळे, साठी, तून जोडलं की निर्जीव गोष्टींसाठी सगळ्यांचं सरसकट या होतं आणि लिंगाची खूण पुसली जाते. नेमकं कार्यकारण सांगणारी वाक्यंच या रूपाने सुरू होतात. आणि नुसतं हे तर अजून डेंजर, ते "हे पाणी" मधलं असू शकतं, "हे नाले" मधलं अनेकवचन असू शकतं किंवा मागची अख्खी भानगडही असू शकते.

माझी टेस्ट साधी आहे, यामुळे खोडायचं आणि तिथे नाव घालून मुळे लावायचं. दोन नावं बसली तर वाक्य दुरुस्त करायचं. एकही नीट बसलं नाही तर मात्र वाक्य सोडा, मधली पायरीच गायब आहे समजायचं. ज्यामुळेच्या जागी हेच झालं. "पाणी बाहेर न गेल्यामुळे सखल भाग तुंबतात" लिहून बघितलं आणि लक्षात आलं, कुठलं पाणी? पूर्ण परिच्छेदात पाऊसच नाहीये! साडेचार मीटरची भरती कोरड्या दिवशीही येते, तेव्हा हिंदमाता काही असं भरत नाही. २६ जुलै २००५ ला एकाच शहरात, एकाच समुद्राकाठी सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३, हाल उपनगरांचे जास्त झाले. भरती वाट अडवते, पण साचायला पाऊस लागतो. ज्यामुळेने हा सगळा सांधा झाकून टाकला होता.

शेवटचं हे थांबवायला. काय थांबवायला? भरती पंपाने थांबत नाही, गेट बंद करणंही नाही. पंप पावसाचं पाणी उचलून समुद्राच्या चढलेल्या पातळीच्या वर नेऊन टाकतो, इतकंच.

नवा ड्राफ्ट: "भरती साडेचार मीटरच्या वर गेली की समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडांपेक्षा वर जाते. समुद्र आत येऊ नये म्हणून फ्लडगेट बंद करतात, पण उघडे ठेवले तरी पाणी बाहेर गेलं नसतंच. त्याच तासांत जोराचा पाऊस झाला तर पावसाचं पाणी बशीसारख्या खोलगट हिंदमाताकडे उतरतं आणि साचतं. हे साचलेलं पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकावं लागतं."

मित्राची तक्रार, "अरे पाणी पाणी किती वेळा येतंय, कानाला खुपतं." खुपतं खरं. त्याने सुचवलं की "ही कोंडी" लिहू, ते मला आवडलं, हे च्या पुढे एक नाव बसवलं की बहुतेक वेळा काम भागतं. पण त्यानेच दुसरीकडे "हा निष्काळजीपणा" घातला होता, तो मी काढला, कारण मागे फक्त गेट बंद झाल्याचं आलं होतं, निष्काळजीपणा कोणी दाखवलाच नव्हता, नाव देता देता आरोप आत घुसला. अंक छापायला जायचाय, त्याआधी त्याची रस्ते खोदण्यावरची दोन पानं चाळतोय, तिथे दर तिसरं वाक्य "यातून" ने सुरू होतंय.